अचानक लागलेली धाप, क्लिअर एक्स-रे आणि सुजलेली पोटरी: फुफ्फुसातल्या गुठळीचं निदान कसं होतं

काल न थांबता चढलेल्या जिन्यावर आज मध्येच बसावं लागलं, तर कारण आजच शोधायला हवं. दमा, न्यूमोनिया, हार्ट अटॅक, अ‍ॅनिमिया ही कारणं कुणालाही सुचतात. पायाच्या शिरेत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकणं, म्हणजे पल्मनरी एम्बॉलिझम, हे मात्र पटकन डोक्यात येत नाही. निदान चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. तपासण्या आपल्या सोलापुरात होतात, पण त्या कोणत्या क्रमाने करायच्या हे आधी सुचलेल्या शंकेवर अवलंबून असतं. म्हणून मशीनच्या आधी प्रश्न विचारण्याबद्दल आणि पाय बघण्याबद्दल बोलू.

उदाहरणासाठी एक बाई डोळ्यांसमोर ठेवू. वय ३८, वजन ८० किलो, शहराच्या पूर्व भागात राहतात, घरी बसून विड्या वळतात. आषाढीला पंढरपूरला जायचं होतं आणि नंतर घरात पूजाही होती, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, १८ दिवस. गोळ्या शेजारणीने सांगितल्या आणि मेडिकलवाल्याने दिल्या. शेवटच्या आठवड्यात डावी पोटरी दुखायला लागली, ती चालल्यामुळे दुखतेय असं सगळ्यांनी धरलं. एके सकाळी पाण्याची घागर उचलताना एकदम धाप लागली, छातीत उजव्या बाजूला कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. बसल्यावर थोडं बरं वाटलं, म्हणून त्या दिवशी गॅसची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी मोरीपर्यंत जातानाही दम लागायला लागला, तेव्हा नवरा त्यांना दवाखान्यात घेऊन आला.

आत नेमकं काय होतं

पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेतली गुठळी सुटली की पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. त्या भागात हवा नीट पोचते, पण रक्त पोचत नाही. श्वासनलिका मोकळी असते, फुफ्फुसात पाणी किंवा पू नसतो. त्यामुळे स्टेथोस्कोपने छाती बऱ्याचदा साफ ऐकू येते आणि एक्स-रेही जवळपास नॉर्मल दिसतो. दुसरीकडे हृदयाच्या उजव्या कप्प्यावर एकदम दाब येतो. त्या कप्प्याची भिंत पातळ असते आणि असा दाब सोसायची तिला सवय नसते. या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा हा उजवा कप्पा हार खाल्ल्यामुळे. ऑक्सिजन कमी पडणं हे त्याच्या मागोमाग येतं.

धाप खरी आहे, नाडी पळतेय, ऑक्सिजन कमी आहे, पण छाती आणि एक्स-रे दोन्ही साफ आहेत, असं जमलं की संशय वाढला पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलट होतं. ‘एक्स-रे क्लिअर आहे, काही नाही’ असं म्हणून पेशंटला घरी पाठवलं जातं.

पायरी पहिली: आधी रक्तदाब, मग बाकी सगळं

दारातून आलेल्या पेशंटमध्ये पहिला फरक करायचा तो रक्तदाब टिकून आहे की नाही याचा. वरचा आकडा ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिला असेल, पेशंट घामाघूम आणि गळून गेलेला असेल, तर पुढचा सगळा क्रम बदलतो. त्याबद्दल नंतर बोलू. आपल्या बाईंचा रक्तदाब ११६/७६ होता, नाडी १०८, श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९१. म्हणजे विचार करायला वेळ होता, पण रेंगाळायला नव्हता.

ऑक्सिमीटरचा आकडा ९७ आला म्हणून गुठळी नाही असं समजू नका. तरुण माणसात किंवा गुठळी लहान असेल तर तो आकडा चांगला राहू शकतो.

पायरी दुसरी: मागच्या चार आठवड्यांची चौकशी

रक्त शिरेत गोठायला तीन प्रकारची कारणं लागतात: प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, किंवा रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखलं जातं, आणि प्रश्न विचारताना आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो.

सगळ्यात जोरदार कारणं म्हणजे मांडीचं किंवा खुब्याचं फ्रॅक्चर, गुडघा किंवा खुबा बदलण्याचं ऑपरेशन, मोठी दुखापत आणि याआधी गुठळी होऊन गेलेली असणं. कॅन्सर आणि त्याची केमोथेरपी हे दुसरं मोठं कारण. कधी कधी गुठळी आधी सापडते आणि कॅन्सर नंतर. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे, त्यातही सिझेरियन झालं असेल तर, धोका वाढतो. बाळंतीण महिनाभर अंथरुणातच हवी हा घरातला आग्रह इथे नडतो. त्याशिवाय पायाचं प्लास्टर, लठ्ठपणा, अर्धांगवायूमुळे न हलणारा पाय आणि चार तासांहून लांबचा सलग बसून केलेला प्रवास. प्रवास एकट्याने क्वचितच पुरेसा ठरतो. आधीच्या कारणात भर घालायचं काम तो करतो.

गोळ्यांचा प्रश्न मात्र खोलात जाऊन विचारावा लागतो, कारण त्याचं उत्तर सहज मिळत नाही.

‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तर बाई ‘काही नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. पाळीच्या गोळ्या त्यांच्या लेखी औषधात धरायच्या नसतात. शिवाय नवरा किंवा सासू शेजारी असते. म्हणून प्रश्न असा टाकावा लागतो: ‘ताई, गेल्या महिन्यात पाळी पुढे ढकलायला, जास्त अंगावर जातं म्हणून, किंवा मूल नको म्हणून काही गोळ्या घेतल्या का?’ आणि तो एकांतात विचारावा. आपल्या बाईंनी तेव्हाच सांगितलं, ‘हो, देवाला जायचं होतं ना, म्हणून घेतल्या.’

गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. नॉरएथिस्टेरॉन हे इस्ट्रोजेन नाही, म्हणून ते निर्धोक आहे असं धरलं जातं. पण पाळी लांबवायला लागणाऱ्या मोठ्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओल होतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असतं तेच इस्ट्रोजेन. गोळी घेणाऱ्या बहुतेक बायकांना काहीही होत नाही, हेही तितकंच खरं. ज्यांचं वजन जास्त आहे, ज्यांना किंवा ज्यांच्या सख्ख्या नात्यात गुठळी होऊन गेली आहे, ज्या बाळंतीण आहेत, त्यांनी मात्र ती परस्पर घेऊ नये. आषाढी-कार्तिकीला आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय तरुण बाईच्या धापेची चौकशी पुरी होत नाही, असं माझं मत आहे.

पायरी तिसरी: पाय उघडा करून बघणे

साडी, परकर, सलवार यांच्याआड पोटरी झाकलेली असते. ओपीडीत गर्दी असते, धापेचा पेशंट आहे म्हणून छाती तपासली जाते आणि पाय राहून जातो. दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे करून शेजारी शेजारी बघा. नडगीच्या वरच्या टोकाला गुडघ्याखाली जे हाडाचं टेंगूळ लागतं, त्याच्या १० सेंटिमीटर खाली टेप लावून दोन्हीकडचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो महत्त्वाचा. पोटरीच्या मध्यावर खोल दाबून दुखतं का ते पाहा. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर हृदय, किडनी, लिव्हर यांचा विचार आधी येतो. एकच पाय सुजला असेल तर गुठळीचा.

आपल्या बाईंची डावी पोटरी उजवीपेक्षा ४ सेंटिमीटरने मोठी होती आणि दाबल्यावर दुखत होती. घरी तिला दोन दिवस तेल लावून मालीश झालं होतं. एकच पाय सुजून दुखत असेल तर चोळू नका आणि चोळून घेऊही नका. आत गुठळी असेल तर ती सुटायला तेवढं निमित्त पुरू शकतं.

पायरी चौथी: गुणांचा हिशेब

शंका किती दाट आहे हे ठरवायला वेल्स स्कोअर वापरतात. पायात गुठळीची चिन्हं असतील तर ३ गुण. इतर कोणत्याही निदानापेक्षा गुठळीच जास्त शक्य वाटत असेल तर ३. नाडी १०० च्या वर असेल तर १.५. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल किंवा तीन दिवस वा जास्त अंथरुणाला खिळून राहावं लागलं असेल तर १.५. आधी कधी गुठळी झाली असेल तर १.५. खोकल्यातून रक्त आलं तर १, आणि कॅन्सर असेल तर १. बेरीज ४ पर्यंत असेल तर गुठळीची शक्यता कमी, ४ च्या वर गेली तर दाट.

आता आपल्या बाईंचा हिशेब करू. पाय न बघता आणि गोळ्यांचं न विचारता केला, तर नाडीचे १.५ गुण मिळतात, बाकी शून्य. विड्या वळताना तासन्‌तास बसणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नाही, त्यामुळे त्याचे गुण नाहीत. पाय बघितल्यावर ३ गुण वाढले. पाय, गोळ्या आणि साफ छाती एकत्र धरल्यावर गुठळी हेच सगळ्यात शक्य निदान ठरलं, त्याचे आणखी ३. एकूण ७.५. बाई त्याच, दिवसही तोच. फक्त परकर गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि एक प्रश्न जास्त विचारला.

गोळ्यांना या यादीत स्वतंत्र गुण नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांचं वजन पडतं ते ‘हेच निदान जास्त शक्य’ या ३ गुणांमधून, आणि ते गुण तपासणाऱ्याच्या विचारावर सोडलेले आहेत.

पायरी पाचवी: ईसीजी आणि एक्स-रे कशासाठी

हे दोन्ही लगेच काढायचे, पण गुठळी सिद्ध करायला नव्हे, दुसरं काही आहे का ते बघायला. गुठळीत ईसीजीवर बहुतेक वेळा नुसती वेगवान नाडी दिसते. उजव्या कप्प्यावर ताण असेल तर छातीच्या पुढच्या लीड्समध्ये, व्ही-१ ते व्ही-४ मध्ये, टी लहरी उलट्या होतात. गडबड होते ती इथेच. अशा लहरी आणि जोडीला रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, बघून ‘हार्ट अटॅक’ असा शेरा पडतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा मोठा डोस दिला जातो, अँजिओग्राफी होते आणि हृदयाच्या नळ्या स्वच्छ निघतात. ३८ वर्षांच्या, मधुमेह नसलेल्या बाईचा ईसीजी असा आला की निदान पुन्हा तपासून बघावं. आपल्या बाईंच्या व्ही-१ ते व्ही-३ मध्ये टी लहरी उलट्या होत्या आणि एक्स-रे साफ होता.

पायरी सहावी: डी-डायमर कुणाचं करायचं

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणारे तुकडे मोजणारी रक्ततपासणी. ती फक्त ‘नाही’ म्हणायला उपयोगी आहे. शक्यता कमी असलेल्या, म्हणजे ४ पर्यंत गुण असलेल्या पेशंटमध्ये ती निगेटिव्ह आली तर गुठळी नाही असं धरून पुढचा शोध घेता येतो, सीटी टळतो. पॉझिटिव्ह आली तर फक्त एवढंच कळतं की पुढे तपासायला हवं. न्यूमोनिया, डेंगी, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कॅन्सर, नुसतं वाढलेलं वय, यातल्या कशानेही डी-डायमर वाढतं. कोविडनंतर लोक स्वतःहून ही तपासणी करून घेतात आणि आकडा वाढलेला बघून घाबरतात. लक्षणं नसताना त्या आकड्याला अर्थ नाही.

उलट ७.५ गुण असलेल्या आपल्या बाईंचं डी-डायमर करणंच चूक. निगेटिव्ह आलं तरी शंका मिटणार नाही, आणि पॉझिटिव्ह आल्याने काही नवीन कळणार नाही. त्यांना सरळ सीटीला पाठवायचं.

रिपोर्ट वाचताना एकक बघा. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही ‘एफईयू’ या एककात असते. काही लॅब ‘डीडीयू’मध्ये रिपोर्ट देतात, तिथे साधारण २५० हीच तेवढी मर्यादा होते. डीडीयूतला ४०० हा आकडा ५०० पेक्षा कमी म्हणून नॉर्मल समजला गेला तर गुठळी हातातून निसटेल. पन्नाशीनंतर एफईयूची मर्यादा वयाला दहाने गुणून काढतात, म्हणजे ७२ वर्षांच्या आजोबांना ७२०.

पायरी सातवी: इंजेक्शन आधी, सीटी नंतर

शक्यता दाट असेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल तर रिपोर्टची वाट न बघता रक्त गोठू न देणारं हेपारिन सुरू करतात. त्याचाच एक प्रकार असलेल्या एनॉक्सापॅरिनचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, पोटाच्या कातडीखाली. ८० किलोच्या आपल्या बाईंना ८० मिलिग्रॅम. किडनी खूप अधू असेल तर डोस आणि औषध दोन्ही बदलतात. हे इंजेक्शन गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः हळूहळू करतं.

निदान पक्कं करणारी तपासणी म्हणजे सीटी पल्मनरी अँजिओग्राफी. चिठ्ठीवर हे नाव पूर्ण लिहिलेलं असू द्या, कारण कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी बसलेला एचआरसीटी ही वेगळी तपासणी आहे. त्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडतात ते द्रव्य, नसतो, रक्तवाहिनीच्या आतलं काही कळत नाही, आणि ‘एचआरसीटी नॉर्मल’ म्हणून गुठळी नाही असं म्हणता येत नाही. साधा कॉन्ट्रास्ट सीटीही पुरेसा ठरेलच असं नाही. फुफ्फुसाच्या धमनीत कॉन्ट्रास्ट भरलेला असतो त्या मोजक्या सेकंदांतच फोटो निघावे लागतात. म्हणून कोपराच्या शिरेत जाड सुई लावतात, १८ किंवा २० गेजची. मनगटावरची बारीक सुई त्या वेगाला टिकत नाही. आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी विचारतात, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल आणि किडनी अधू असेल तर ती थांबवतात. कॉन्ट्रास्ट जाताना अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते दोन मिनिटांत जातं, हे आधीच सांगितलं तर पेशंट दचकून हलत नाही.

फोटोत पांढऱ्या भरलेल्या रक्तवाहिनीत गुठळीची जागा करडी, रिकामी दिसते. आपल्या बाईंच्या उजव्या खालच्या खंडाच्या धमनीत आणि डाव्या बाजूच्या दोन फांद्यांत गुठळ्या होत्या. सीटी चांगला निघाला आणि नॉर्मल असला, तर बहुतेकांच्या बाबतीत शोध तिथे संपतो. ‘हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट’ असा शेरा असेल तर तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे.

सीटी करता येत नसेल, किडनी खराब असेल किंवा बाई गरोदर असेल, तर पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी आधी करतात. धाप असलेल्या पेशंटच्या मांडीत किंवा गुडघ्यामागे गुठळी दिसली, तर उपचाराला तेवढा पुरावा पुरतो. डॉपलर नॉर्मल आला तर मात्र फुफ्फुसात गुठळी नाही असं म्हणता येत नाही, ती आधीच सुटून वर गेलेली असू शकते.

रक्तदाब कोसळलेला असेल तर

इथे सीटीच्या टेबलावर नेणंच धोक्याचं. खाटेजवळ टू-डी इको करतात. उजवा कप्पा फुगलेला, डाव्याला दाबणारा दिसला आणि दुसरं कारण नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध देण्याचा निर्णय घेतात. अल्टेप्लेस असेल तर १०० मिलिग्रॅम दोन तासांत. मेंदूत रक्तस्राव हा त्याचा मोठा धोका आहे, त्यामुळे नुकतंच ऑपरेशन किंवा मेंदूतला रक्तस्राव झाला आहे का ते विचारल्याशिवाय ते देत नाहीत. रक्तदाब टिकून असलेल्यांना ते सहसा देत नाहीत. आपल्या बाईंच्या इकोत उजवा कप्पा थोडा फुगलेला होता, ट्रोपोनिनही किंचित वाढलेलं. म्हणून त्यांना वॉर्डात न ठेवता आयसीयूत लक्षाखाली ठेवायचं, पण विरघळवणारं औषध हाताशी राखून ठेवायचं.

करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडून येणाऱ्यांनी चक्कर येऊन पडलेल्या किंवा ओठ निळे पडलेल्या माणसाला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नये. १०८ ला फोन करा, ऑक्सिजन लावून आणा, आणि फोनवरच सांगा की पाय सुजलेला आहे किंवा ऑपरेशन झालेलं आहे.

निदानानंतरचा एक गुंता

आपल्या बाईंना गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येणार, आणि आता रक्त गोठू न देणारं औषध चालू आहे, म्हणजे ती नेहमीपेक्षा जास्त जाणार. हे आधी सांगितलं नाही तर घाबरून त्या इंजेक्शन बंद करतात, किंवा जवळच्या दवाखान्यातून रक्तस्राव थांबवायला पुन्हा नॉरएथिस्टेरॉन घेतात. सुरुवातीलाच हिमोग्लोबिन बघून ठेवावं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं.

घरी जाताना इंजेक्शनऐवजी रक्त गोठू न देणारी रिवारॉक्साबॅन ही गोळी दिली तर पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोन वेळा, नंतर २० मिलिग्रॅम एकदा, जेवणासोबत. बाविसाव्या दिवशीचा हा बदल चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ही गोळी चालत नाही. उपचार किमान तीन महिने. पाळीच्या गोळ्यांसारखं तात्पुरतं कारण सापडलं आणि ते गेलं, तर बहुधा तिथे थांबवता येतो. काहीच कारण सापडलं नाही किंवा कॅन्सर असला तर पुढे चालू ठेवावा लागतो. पुढे कधी दिवस राहिले, तर पहिल्याच तपासणीला ही फाईल दाखवायची, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळी टाळण्यासाठी हेपारिन लागू शकतं. आणि तीन महिने औषध नीट घेऊनही जिन्यावर दम लागतच राहिला, तर इको पुन्हा करून घ्यायचा. काही जणांत जुन्या गुठळ्या विरघळत नाहीत आणि फुफ्फुसातला दाब वाढलेलाच राहतो.